अज्जांच्या फोटोखाली अज्जांचेच शब्द : नातवंडांसोबतच्या फोटोची कॅप्शन लिहून घेण्याची पद्धत

मागच्या जानेवारीत मी अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आणि पोरांच्या अज्जांचा, नातवंडांसोबतचा एक फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘नातवंडं म्हणजे दुधावरची साय! तीन पिढ्यांचं हे अनमोल नातं.’ फोन अप्पांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर-खाली करून दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे कोण बोललंय?”

त्यांचा फोटो होता, त्यांच्या नावावर होता, आणि शब्द कुणाचेच नव्हते. मी तो काढून टाकला आणि पुन्हा बसले, या वेळी त्यांना बोलायला लावून. त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या बऱ्याच आजोबांच्या कॅप्शन अशाच लिहून घेतल्या. चुका सगळ्यांच्या घरी त्याच होतात : आपण त्यांच्या वतीने लिहितो, किंवा ते बोललेलं ‘नीट’ करतो. खाली मी करते त्या क्रमानं सगळं दिलं आहे. क्रम मोडू नका.

## १. फोटो निवडणं

सगळे ओळीत उभे, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, असा फोटो घेऊ नका. भिंतीवर लावायला तो छान असतो, पण त्याबद्दल आजोबांना सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं. ते म्हणतात, “चांगला आलाय की,” आणि संपलं.

हात दिसताहेत असा फोटो शोधा. हातात काहीतरी असावं : हुरड्याचं कणीस, सायकलची चेन, पत्ते, काहीही. निदान एकाचं लक्ष कॅमेऱ्यात नसलेलं बरं. आमच्याकडे त्या दिवशी काढलेले अकरा फोटो होते. दहा ‘चीज’वाले. अकरावा मी चुकून आधीच काढलेला, त्यात अप्पा बाहेरच्या कट्ट्यावर बसलेत, थोरलीच्या बोटांत पांढरा दोरा आहे, आणि अप्पांचा अंगठा तिच्या अंगठ्याच्या अगदी शेजारी. मी तो काढून टाकणार होते, कारण धाकटीचा चेहरा हललाय. कॅप्शन त्याच फोटोनं दिली.

तपासणी : फोटो बघून तुम्हाला स्वतःला “इथे काय चाललंय?” असं विचारावंसं वाटतंय का? वाटत नसेल तर दुसरा घ्या.

## २. बसण्याची तयारी

फोटो फोनवर दाखवायचा असेल तर स्क्रीनचा उजेड पूर्ण करा आणि आजोबांना दोन बोटांनी मोठा करून द्या. त्याहून चांगलं म्हणजे पोस्टकार्डाएवढा छापून आणा. कागद हातात असला की माणूस तो जवळ नेतो, लांब धरतो, बोट ठेवतो, आणि बोट ठेवलं की बोलतो.

दुसऱ्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि तो त्यांच्या गुडघ्याशी, कापडावर ठेवा. टेबलावर ठेवला तर पेल्याचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो. पंखा बंद करा. सोलापुरात मार्चनंतर हे शक्य नाही, म्हणून सकाळी सातच्या सुमारास बसा किंवा संध्याकाळी अंगणात. पूर्व भागात राहत असाल आणि शेजारी माग चालू असतील, तर कारखान्याच्या सुट्टीचा दिवस धरा.

मागावरून निवृत्त झालेल्या माणसांबद्दल एक वेगळी गोष्ट. वर्षानुवर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहिल्यानं बऱ्याच जणांचे कान मंद झालेले असतात. अप्पांचा डावा कान जवळजवळ गेला आहे. प्रश्न नीट ऐकू आला नाही की ही माणसं पुन्हा विचारत नाहीत, “हां हां, चांगलं आहे” म्हणून मोकळी होतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना काही सांगायचंच नाही. चांगल्या कानाच्या बाजूला बसा. ओरडू नका, सावकाश बोला, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा.

> सावध : नातवंडं समोर असताना हे करू नका. पोरं मधे बोलतात, आजोबा त्यांच्याकडे बघून हसतात आणि सांगायचं राहून जातं.

रेकॉर्ड करतोय हे आधी सांगून टाका. लपवून केलेलं रेकॉर्डिंग नंतर कळलं तर पुढच्या वेळी तोंड उघडणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल.

## ३. विचारणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. “अप्पा, या फोटोबद्दल तुमच्या भावना सांगा ना,” असं विचारलं की माणूस सत्काराच्या भाषणाला उभा राहिल्यासारखा ताठ होतो. आनंद वाटला, धन्यता वाटली, सगळं पांडुरंगाची कृपा. हे खोटं नसतं, पण हे कुठल्याही आजोबांनी कुठल्याही फोटोवर म्हटलं असतं.

मी तीन प्रश्न विचारते, याच क्रमानं.

पहिला : “हे काढायच्या आधी काय चाललं होतं?” यानं माणूस त्या जागेवर जाऊन बसतो. ऊन कुठून येत होतं, कोण झोपलं होतं, चहा झाला होता की नाही, हे आपोआप येतं.

दुसरा : “हातात काय आहे हे?” उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी विचारा. मला दोरा दिसत होता. तो कुठला, बारीक की जाड, कशाला आणला, यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

तिसरा : “कोण काय म्हणालं?” पोरांचं बोलणं आजोबांना शब्दाशब्दानं आठवतं. हा प्रश्न शेवटी ठेवा, कारण एकदा पोरांचं बोलणं सुरू झालं की मागचं सगळं विसरतात.

प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. हे लिहायला सोपं आहे. अप्पा पहिल्या वाक्यानंतर थांबतात, फोटो उलटा करून मागची कोरी बाजू बघतात, पुन्हा सरळ करतात. मला त्या वेळी काहीतरी सुचवायची घाई होते : “संक्रांतीचा ना?” असं. एकदा सुचवलं की ते ‘हो’ म्हणतात आणि त्यांचं वाक्य जातं. आता मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजते. रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं, सगळ्यात चांगली वाक्यं लांब थांब्यानंतरची आहेत.

तीन-चार मिनिटं पुरतात. त्याहून जास्त झालं तर ते वेगळ्या आठवणींत शिरतात. त्या जरूर ऐका, पण त्या या फोटोखाली बसणार नाहीत.

तपासणी : रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज जास्त की त्यांचा? तुमचा जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

## ४. उतरवून घेणं

आता ऐकत ऐकत लिहा, जसं आहे तसं. “अं”, “काय ते”, अडखळणं, मागे जाणं, सगळं.

बोलून टाइप करायची सोय वापरायचा मोह होतो. मी वापरून पाहिली. तिनं विरामचिन्हं दिली नाहीत, थांबा कुठे होता ते कळलं नाही, आणि ओळखीचा नसलेला शब्द ओळखीच्या शब्दात बदलला. अप्पांचं ‘बघायलीय’ ‘बघायला’ होऊन आलं. सोलापूरकराच्या बोलण्यातला अर्धा जीव अशाच शब्दांत असतो. हातानंच टाइप करा. कीबोर्डची भाषा मराठी आहे ना ते बघून घ्या. हिंदी लावलेली असेल तर सुचणारे शब्द हिंदी वळणाचे येतात आणि आपण नकळत ते स्वीकारतो. शब्द आपोआप दुरुस्त करणारी सोय तेवढ्यापुरती बंद करा.

अप्पांचं उतरवलेलं खाली आहे. त्यातला गड्डा म्हणजे सोलापुरात संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची जत्रा.

> हां, हे ना… हे संक्रांतीचं. न्हाई, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचं. तुम्ही सगळे आदल्या दिवशी होम मैदानावर गड्डा बघायला गेला होता, पोरं दमली होती. उशिरा उठली. मी आपला बाहेर कट्ट्यावर बसलो होतो, उन्हाला. थोरली आली. म्हणली, अज्जा, तू कारखान्यात काय करत होतास? आता काय सांगायचं तिला. धागा तुटला की गाठ मारायची, हेच केलं की जन्मभर. मग तिला म्हटलं, दोरा आण. शिवायचा आणला तिनं, हिच्या डब्यातला. ते बारीक असतंय, आमचं सूत जाड असायचं. तरी चालतंय. दाखवली मारून. ती बघायलीय बघ इथं. मधल्यानं आपली बुटाच्या नाडीची मारली. त्याला वाटायलंय तीच गाठ. धाकटीला काय, दोरा तोंडात घालायचा होता. तू तरी कुठं बघत होतीस. थोरलीची सुटली. दोनदा सुटली. मी काही बोललो नाही. माझी पण सुटायची की पहिल्यांदा. मुकादम बोंबलायचा.

गाठीबद्दल मलाही इथेच कळलं. चालत्या मागावर धागा तुटला की माग थांबवायचा, दोन्ही टोकं हुडकायची, आणि फणीतून अडकल्याशिवाय पार होईल अशी लहान, चपटी गाठ मारायची. बुटाच्या नाडीची गाठ मोठी होते, ती अडकते आणि धागा पुन्हा तुटतो. म्हणून मधल्याची गाठ ‘ती’ गाठ नव्हती. हे स्पष्टीकरण मी कॅप्शनमध्ये घातलं नाही. अप्पांनी ते फोटोबद्दल बोलताना सांगितलं नव्हतं, मी नंतर विचारून घेतलं.

## ५. कापणं, आणि फक्त कापणं

नियम एकच : काढायला परवानगी आहे, बदलायला आणि घालायला नाही.

काय काढायचं? आधी सुरुवातीची चाचपड : “हां, हे ना… न्हाई…”. मग फक्त तुम्हाला उद्देशून असलेलं : “तू तरी कुठं बघत होतीस” हे मला होतं, वाचणाऱ्याला त्याचा संदर्भ नाही. तसंच एकच गोष्ट दोनदा सांगितली असेल तर त्यातली कमी जिवंत असलेली. ‘दाखवली मारून’ हेही काढलं, कारण ते फोटोतच दिसतं.

एक शब्द मात्र मी बदलला : ‘बघ’चं ‘बघा’ केलं, कारण आता ऐकणारे अनेक होते. तोही नंतर त्यांना विचारून.

काय काढायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण हात तिथेच जातो.

वाक्याच्या शेवटचा ‘की’. “हेच केलं की जन्मभर.” हा ‘की’ शाळेतल्या बाईंनी लाल शाईनं खोडला असता. तो काढून बघा : “हेच केलं जन्मभर.” लगेच तक्रारीसारखं वाटतं. ‘की’मुळे ते सहज, खांदे उडवल्यासारखं राहतं.

‘बघायलीय’, ‘वाटायलंय’, ‘असतंय’. यांचं ‘बघत आहे’, ‘वाटत आहे’, ‘असते’ करू नका. पुण्याच्या सुनेला किंवा जावयाला थोडं वेगळं वाटेल, तरी कळेल.

‘अज्जा’. आमच्या घरी, सोलापुरातल्या अनेक घरांसारखं, मराठीत कानडी मिसळलेली आहे. पोरं ‘अज्जा’ म्हणतात तर कॅप्शनमध्ये ‘आजोबा’ नको. तुमच्याकडे ‘आबा’, ‘तात्या’, ‘दादा’, ‘ताता’, जे असेल ते.

‘हिच्या डब्यातला’. माझ्या भावानं सुचवलं, “आईच्या लिही, लोकांना कळणार नाही.” अप्पांनी पन्नास वर्षांत आईचा उल्लेख ‘ही’ याशिवाय केलेला नाही. राहू दे म्हटलं.

आणि छोटी वाक्यं जोडू नका. “थोरलीची सुटली. दोनदा सुटली.” इथे मी दोघांचं मिळून “थोरलीची दोनदा सुटली” केलं, आणि अजून मला ते रुचत नाही. मूळचं जास्त चांगलं होतं. जागा वाचवायच्या नादात गेलं.

> सावध : कापताना मजकुराचा क्रम हलवू नका. “धागा तुटला की गाठ मारायची” हे वाक्य सगळ्यात वर आणावं असं प्रत्येकाला वाटतं, कारण ते सुविचारासारखं दिसतं. वर आणलं की तो सुविचारच होतो. अप्पांच्या तोंडी ते पोरीच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

बरेच आजोबा बोलण्यापेक्षा लिहून देतो म्हणतात आणि कागद हातात आला की पत्राची भाषा वापरतात : ‘चि. नातवंडांस अनेक उत्तम आशीर्वाद’. त्यांनी आयुष्यभर अशी पत्रं लिहिली असतील तर तोही त्यांचाच आवाज आहे, त्याला हात लावू नका. फक्त वाचणाऱ्याचा घोळ होईल असं एखादं शुद्धलेखन विचारून दुरुस्त करा.

## ६. मांडणी

सावकाश बोलणं म्हणजे लांब बोलणं, असं समजून लोक तीनशे शब्द लिहितात. शंभराच्या आसपास थांबा. सावकाशपणा पूर्णविरामांतून येतो. माणूस जिथे थांबला तिथे पूर्णविराम, जिथे नुसता श्वास घेतला तिथे स्वल्पविराम, आणि जिथे पुन्हा फोटोकडे बघितलं तिथे नवा परिच्छेद. रेकॉर्डिंग चालू ठेवून ही चिन्हं टाका, कागद बघून नको.

उद्गारचिन्ह एकही नको. बदाम, फुलं, हात जोडलेले, हेही नको, आजोबा स्वतः टाकत असतील तर गोष्ट वेगळी. टिंबांच्या रांगाही नको. एक पूर्णविराम तेच काम करतो.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे जागेची अडचण येत नाही. पण तिथे आणि फेसबुकवरही सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, बाकीचं दाबून उघडावं लागतं. म्हणून काही जण पहिली ओळ चटकदार करतात. आजोबांच्या कॅप्शनला मी ते करत नाही. ‘बाहेर कट्ट्यावर बसलो होतो, उन्हाला’ एवढंच दिसलं तरी जे त्यांना ओळखतात ते उघडतात.

## ७. वाचून दाखवणं

ही पायरी गाळली तर आधीचं सगळं वाया गेलं म्हणून समजा. कान मंद असतील तर वाचून दाखवू नका, मोठ्या अक्षरांत छापून हातात द्या आणि पेन्सिल द्या.

अप्पांनी दोन गोष्टी केल्या. मी ‘तरी चालतंय’ काढलं होतं, ते परत घालायला लावलं. म्हणाले, “नाहीतर पोरीला वाटंल मी नाव ठेवलं दोऱ्याला.” आणि शेवटचं ‘मुकादम बोंबलायचा’ खोडलं. मला ते वाक्य फार आवडलं होतं, मी थोडी भांडलेसुद्धा. ते म्हणाले, “गेले की ते बिचारे. पोरांच्या फोटोत कशाला.” खोडलं.

शेवटी हे राहिलं :

> संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो, उन्हाला. पोरं आदल्या दिवशी गड्डा फिरून दमली होती, उशिरा उठली.
>
> थोरली आली. म्हणली, अज्जा, तू कारखान्यात काय करत होतास? आता काय सांगायचं तिला. धागा तुटला की गाठ मारायची, हेच केलं की जन्मभर. म्हटलं, दोरा आण. शिवायचा आणला तिनं, हिच्या डब्यातला. ते बारीक असतंय, आमचं सूत जाड असायचं. तरी चालतंय.
>
> ती बघायलीय बघा इथं. मधल्यानं बुटाच्या नाडीची मारली, त्याला वाटायलंय तीच गाठ. धाकटीला दोरा तोंडात घालायचा होता.
>
> थोरलीची दोनदा सुटली. मी काही बोललो नाही. माझी पण सुटायची की पहिल्यांदा.

मूळच्या बोलण्याशी ताडून बघा : ‘गड्डा फिरून’ हे माझं आहे, ते ‘गड्डा बघायला गेला होता’ म्हणाले होते. वाक्य कापताना जोड दिसू लागली म्हणून मी तो शब्द घातला आणि कट्ट्याचं वाक्य पोरांच्या आधी आणलं, नियम मोडून, आणि अप्पांना दाखवून. असं एखादं होतं. तीन-चार झाले तर समजा की कॅप्शन तुमची होत चालली आहे.

तपासणी : फोटोतलं प्रत्येक नातवंड मजकुरात आलंय का मोजा. एखादं राहिलं तर आज कळणार नाही, ते वाचायला शिकेल तेव्हा कळेल. राहिलं असेल तर आजोबांना विचारा, “आणि हा काय करत होता?” उत्तर जोडा. स्वतः घालू नका.

## ८. टाकण्याआधी

पोरांच्या आईवडिलांना फोटो आणि मजकूर दोन्ही आधी पाठवा. धाकटी माझ्या भावाची आहे, त्याच्या होकारासाठी आम्ही एक दिवस थांबलो. पोरांची पूर्ण नावं, शाळेचं नाव, गणवेशावरचा बिल्ला, घराच्या पाटीवरचा पत्ता, हे फोटोत किंवा मजकुरात नको. ‘थोरली, मधला, धाकटी’ याचा इथे आयताच उपयोग होतो.

आजोबांच्या खात्यावरून टाकायचं असेल तर शेवटचं बटण त्यांनाच दाबू द्या. नंतर आलेली उत्तरं त्यांना वाचून दाखवा, पण त्यांच्या वतीनं ‘धन्यवाद’ लिहीत बसू नका. अप्पांनी फक्त एकाला उत्तर दिलं, जुन्या कारखान्यातल्या सोबत्याला : “हां.”

## ९. घरच्या प्रतीवर

एक प्रत छापून घ्याच. इथे नेमकं उलट करायचं : नावं, वर्ष, जागा, सगळं लिहायचं. कॅप्शनमध्ये ‘संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी’ आहे, पण कुठल्या वर्षाची संक्रांत ते नाही, आणि वीस वर्षांनी तेच कुणाला सांगता येणार नाही. फोटोच्या मागे डावीकडून उजवीकडे नावं लिहा. मागून उलटं होतं, म्हणून फोटो समोर धरून आधी दुसऱ्या कागदावर क्रम उतरवा.

बॉलपेन दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला उठतं. हल्लीच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल धरत नाही आणि साधी शाई पुसली जाते. न पुसणाऱ्या शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या, कडेला हलक्या हातानं लिहा, आणि दहा मिनिटं फोटो उघडा ठेवा. ओल्या शाईवर दुसरा फोटो ठेवला तर अक्षरं त्याच्या तोंडावर उमटतात. आमच्या मधल्याच्या कपाळावर आत्ता अर्धं ‘सोलापूर’ आहे.